दहा शेर तांदूळ, एक दाम मिरी : एका फारसी पाककृतीचं इंग्रजी भाषांतर

आजचं व्याख्यान एका पाककृतीवर आहे, आणि ती पाककृती छापील पुस्तकात जेमतेम तीन-चार ओळींची आहे. त्या तीन-चार ओळी फारसीतून इंग्रजीत जाताना काय काय घडलं, एवढाच विषय. आपण मुघल खाण्याबद्दल जे बोलतो त्याचा बराच भाग मूळ फारसीतून आलेला नाही. तो इंग्रजी भाषांतरातून आलेला आहे, आणि त्यात वजनं आणि मसाल्यांची नावं किती खरी उतरली हे फारसं कुणी तपासत नाही. मी स्वतःही तपासलं नव्हतं. त्याचा परिणाम काय झाला ते पुढे सांगतो.

आधी ग्रंथाबद्दल थोडं. अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस 'आईन-ए-अकबरी' लिहिली. तीत बादशाही मुदपाकखान्यावर स्वतंत्र प्रकरणं आहेत आणि त्यातल्या एका प्रकरणात तीस पदार्थांची सामग्री दिलेली आहे. हे पदार्थ तीन गटांत विभागलेत: बिनमांसाचे दहा, मांस आणि धान्य एकत्र असलेले दहा, आणि मांस व मसाल्याचे दहा. अठराव्या शतकात ग्लॅडविनने 'आईन'चं एक इंग्रजी भाषांतर केलं होतं. पण आज ज्याचा आधार घेतला जातो तो पहिला खंड हाइनरिख ब्लॉखमनचा, १८७३ सालचा, कलकत्त्याचा. ब्लॉखमन मूळचा ड्रेस्डेनचा जर्मन, कलकत्ता मदरशात शिकवणारा, आणि 'आईन'ची फारसी संहिताही त्यानेच संपादित केलेली. म्हणजे माणूस कच्चा नव्हता. आज आपण जे बघणार आहोत त्यात त्याची चूक शोधणं हा हेतू नाही. उत्तम भाषांतरसुद्धा वाचकाच्या हातात गेल्यावर कुठे निसटतं, ते बघायचं आहे.

आपला पदार्थ आहे दुसऱ्या गटातला पहिला: कबूली. त्याची सामग्री मी माझ्या शब्दांत सांगतो. तांदूळ १० शेर, मांस ७ शेर, तूप साडेतीन शेर, सोललेले हरभरे १ शेर, कांदे २ शेर, मीठ अर्धा शेर, ओलं आलं पाव शेर. दालचिनी, गोल मिरी आणि जिरं प्रत्येकी १ दाम. वेलची आणि लवंग प्रत्येकी अर्धा दाम. काही जण बदाम-मनुका घालतात. यातून पाच ताटं होतात. संपलं. कृती नाही, विस्तव नाही, वेळ नाही.

वजनं

पहिला प्रश्न: शेर म्हणजे किती?

आपल्या आजीच्या घरात शेर हे माप होतं, वजन नव्हतं. चार शेरांची पायली, धान्य मोजायची. पण 'आईन'मधला शेर हे वजन आहे, आणि ते दामावर बांधलेलं आहे. दाम म्हणजे तांब्याचं नाणं. अबुल फजल सांगतो की शेर पूर्वी कमी दामांचा होता, अकबराच्या काळात तो आधी २८ दामांचा झाला आणि मग ३० दामांचा ठरला. एका दामाचं वजन त्याने १ तोळा, ८ मासे, ७ गुंजा दिलंय. आजच्या हिशेबात हा दाम साधारण २१ ग्रॅमचा आणि अकबरी शेर साधारण ६२७ ग्रॅमचा. चाळीस शेरांचा मण केला तर तो पंचवीस किलोच्या आसपास येतो.

ब्लॉखमनने शेराचं पौंडात रूपांतर केलं नाही. त्याने 'शेर' शब्द ठेवला, तोही एका अक्षराने दाखवला. माझ्या मते हे योग्यच होतं, कारण शेर ३० दामांचा हे त्याच ग्रंथात दिलेलं आहे. पण १८७३ मध्ये कलकत्त्यातला त्याचा वाचक शेर म्हटल्यावर काय समजणार? त्याच्या बाजारातला, ८० तोळ्यांचा, ९३३ ग्रॅमचा बंगाली शेर. आणि तेच पुस्तक मुंबईत कुणी उघडलं तर? मुंबईचा मण २८ पौंडांचा होता, त्याचा चाळिसावा भाग म्हणजे शेर जेमतेम ३१८ ग्रॅमचा. शब्द एकच, छापील पान एकच, आणि वजनं तीन.

आता तुम्ही म्हणाल, काय बिघडलं? तांदूळही शेरात, मांसही शेरात, तूपही शेरात. शेर कितीचाही धरा, प्रमाण तेच राहणार. अगदी बरोबर. सगळी सामग्री एकाच एककात असती तर मी हे व्याख्यान दिलंच नसतं. (हशा) गोची अशी आहे की मसाला शेरात नाही, दामात आहे. आणि दामाला बंगाली किंवा मुंबईचा अवतार नाही, कारण एकोणिसाव्या शतकात ते वजन चालूच नव्हतं. त्यामुळे वाचक शेर आपल्या बाजारातला धरतो आणि दाम पुस्तकात शोधून अकबराचा धरतो.

फळ्यावर हिशेब करू. अकबरी शेरात ३० दाम, म्हणून १० शेरांत ३०० दाम. मिरी १ दाम. म्हणजे तांदळाच्या तीनशेव्या भागाइतकी मिरी. आता बंगाली शेर धरा. तांदूळ झाला ९ किलो ३३० ग्रॅम, मिरी तीच २१ ग्रॅम. प्रमाण झालं साडेचारशेला एक, मसाला मुळाच्या दोन-तृतीयांश. मुंबईचा शेर धरा. तांदूळ ३ किलो १८० ग्रॅम, मिरी तीच. प्रमाण दीडशेला एक, मसाला मुळाच्या दुप्पट. कलकत्त्यातला माणूस म्हणेल, मुघलांचं जेवण फारच सौम्य. मुंबईतला म्हणेल, चांगलंच झणझणीत. दोघांच्याही हातात तेच पुस्तक.

आणखी एक बारीक खाच आहे. दाम दाखवायला ब्लॉखमनने इंग्रजी 'डी' हे अक्षर वापरलं. इंग्रज वाचकाच्या सवयीत ते अक्षर पेनीचं. स्वयंपाकघरात बसलेला वाचक त्याचा अर्थ ड्रॅम असाही लावू शकतो, आणि व्यापारी ड्रॅम साधारण पावणेदोन ग्रॅमचा, इतका लहान. २१ ग्रॅमच्या जागी पावणेदोन! तसंच 'एम' हे अक्षर पाककृतींत मिस्कालासाठी येतं, आणि पुढे दरांच्या यादीत मणासाठी. मिस्काल चार-साडेचार ग्रॅमचा, मण पंचवीस किलोचा. इथे संदर्भ वाचवतो, कारण मणभर लवंग कुणी घालत नाही. पण दाम आणि ड्रॅममध्ये संदर्भ वाचवत नाही. दोन्ही आकडे शक्य कोटीतले वाटतात, आणि शक्य वाटणारी चूक पकडायला सगळ्यात अवघड.

आता माझी गोष्ट. काही वर्षांपूर्वी आम्ही काही मित्रांनी ही कबूली करायचं ठरवलं. मी घाईघाईने शेर म्हणजे साधारण किलो धरला, दाम २१ ग्रॅम धरला, आणि प्रमाण काढून दिलं. पदार्थ झाला तुपकट आणि बेचव. मी तिथेच जाहीर करून टाकलं की बादशहाचं जेवण असंच असावं. एका मैत्रिणीने शांतपणे विचारलं, "शेर कोणता धरलास?" तेव्हा कळलं की मी बेचव जेवण बादशहाच्या नावावर खपवत होतो. हिशेब दुरुस्त केला तर अर्धा किलो तांदळाला साडेतीनशे ग्रॅम मांस, पावणेदोनशे ग्रॅम तूप, ५० ग्रॅम डाळ, १०० ग्रॅम कांदा, २५ ग्रॅम मीठ, १२-१३ ग्रॅम आलं. मिरी, दालचिनी, जिरं प्रत्येकी पावणेदोन ग्रॅमच्या आत. लवंग आणि वेलची प्रत्येकी एक ग्रॅमपेक्षाही कमी. मसाला बेताचा, पण जाणवण्याइतका. तूप मात्र भरपूर, ते कुठल्याही शेराने कमी होत नाही.

आणि ती 'पाच ताटं'? इंग्रजीत तिथे जो शब्द आहे त्याचा अर्थ पदार्थही होतो आणि भांडंही होतो. घाईत वाचणारा समजतो, पाच जणांचं जेवण. पण तांदूळ आणि मांस मिळून १७ शेर, म्हणजे साडेदहा किलोच्या वर कच्चा माल. पाचाने भागा. एका ताटात दोन किलोंहून जास्त. ते परातीएवढं ताट आहे, त्याभोवती बरीच माणसं बसतात. शब्दाने जे सांगितलं नाही ते भागाकाराने सांगितलं.

मसाल्यांची नावं

आता 'गोल मिरी'. इंग्रजीत वाचताना हे विचित्र वाटतं. मिरी गोलच असते, वेगळं सांगायचं काय? ब्लॉखमनने फारसी विशेषण जसंच्या तसं ठेवलं, आणि त्यामुळे एक महत्त्वाची गोष्ट वाचली. त्या काळच्या बाजारात दोन फिलफिल होत्या: गोल, म्हणजे आपली काळी मिरी, आणि लांब, म्हणजे पिंपळी. 'आईन'मध्येच दर आहेत: गोल मिरी शेराला १७ दाम, लांब मिरी १६ दाम. दोन्ही जवळजवळ एकाच भावाच्या, दोन्ही स्वयंपाकात चालणाऱ्या. एखाद्या संपादकाने 'गोल' हा शब्द फालतू म्हणून उडवला असता तर ही निवडच दिसेनाशी झाली असती.

आणि तिसरी मिरी आहेच, जी या यादीत नाही: मिरची. पोर्तुगीजांबरोबर ती गोव्यात आली आणि हळूहळू देशभर पसरली. मराठीने काय केलं? मिरीवरून मिरची म्हटलं. फारसीनेही तेच केलं. आज इराणमध्ये फिलफिल म्हणजे मिरची किंवा ढोबळी मिरची, काळ्या मिरीला 'काळी' असं वेगळं सांगावं लागतं. इंग्रजीतही एकच शब्द दोन्हींवर चालतो. त्यामुळे नंतरच्या काळातल्या हस्तलिखितात नुसतं फिलफिल आलं तर भाषांतरकाराने थांबायला हवं. अकबराच्या यादीत मिरची नाही, म्हणून इथे शंका नाही. पण दीडशे-दोनशे वर्षांनंतरच्या वहीत तीच शंका खरी ठरू शकते.

दालचिनीचं याच्या उलट आहे. आपला शब्द फारसी दारचिनीवरून आला, आणि त्याचा अर्थच 'चीनचं लाकूड'. इंग्रजी व्यापाऱ्यांच्या भाषेत श्रीलंकेची पातळ साल वेगळी आणि चीनकडची जाड, तिखट साल वेगळी. दोघींना दोन नावं. फारसीत एकच. भाषांतर करताना इंग्रजी आपल्याला निवडायला लावते, आणि मूळ शब्दात त्या निवडीचं उत्तर नाही. ब्लॉखमनने पातळ सालीचं नाव लिहिलं. ते चूकच असं म्हणता येत नाही, पण फारसीत नसलेली नेमकेपणाची झाक त्याने आली खरी.

जिऱ्याच्या घराण्यात तर विचारूच नका. 'सियाहदाना' म्हणजे शब्दशः काळा दाणा, म्हणजे कलौंजी. 'जीरा-ए-सियाह' म्हणजे काळं जिरं, म्हणजे आपलं शहाजिरं. इंग्रजीत दोन्हींना 'काळं जिरं' या अर्थाचं एकच नाव पुष्कळदा दिलं जातं. त्यावरून कुणी मराठीत 'काळं जिरं' असं केलं, तर आपल्याकडे काही घरांत कडू, औषधी, जंतांवर देतात ते जिरं डब्यातून बाहेर येईल. तीन वेगळी झाडं, एक इंग्रजी नाव.

क्रियापदं

कबूलीच्या मजकुरात क्रियापद नाही असं मी म्हणालो. हा दोष नाही. अबुल फजल स्वयंपाक शिकवत नव्हता. इतका माल कोठारातून बाहेर पडला तर इतकी ताटं आली पाहिजेत, हा तो हिशेब आहे. ही पाककृती म्हणजे जवळजवळ खर्चाची वही. इंग्रजी वाचकाला मात्र तोवर आधी सामग्री आणि मग कृती अशा छापाची सवय लागली होती. तो दुसरा भाग शोधतो आणि हरवलाय असं समजतो.

क्रियापदं बघायची तर शाहजहानच्या काळाशी जोडलेल्या 'नुस्खा-ए-शाहजहानी'सारख्या ग्रंथांकडे जावं लागतं. तिथे एक गंमत आहे. फारसी पाककृती बहुधा तृतीयपुरुषी, अनेकवचनी असते: 'शिजवावं त्यांनी, द्यावं त्यांनी'. इंग्रजी भाषांतरात ती सरळ आज्ञा होते: शिजव, दे. आपल्या जुन्या मराठी पाकपुस्तकांची भाषा आठवा: कांदा बारीक चिरावा, तूप घालावे, मंद आचेवर ठेवावे. कुणी करावं ते सांगतच नाही! फारसी वळणाच्या ही भाषा इंग्रजीपेक्षा कितीतरी जवळ आहे. इंग्रजीत आल्यावर बादशहाचा स्वयंपाकी नाहीसा होतो आणि त्याच्या जागी वाचक उभा राहतो.

आता एक शब्द घ्या: दम. फारसीत दम म्हणजे श्वास. भात किंवा मांस भांड्यात घालायचं, झाकण कणकेने बंद करायचं, खाली मंद निखारे, वरही निखारे, आणि आतल्या आत वाफेवर होऊ द्यायचं. नवीन पाणी घालायचं नाही. इंग्रजीत यासाठी अनेकदा जो शब्द येतो त्याचा अर्थ आहे मंद आचेवर रटरटू देणं, म्हणजे भांड्यात द्रव हवाच. त्या सूचनेप्रमाणे कुणी कबूली केली तर तो पाणी ठेवणार, आणि तांदळाची खिमट होणार. चूक झाली हे ओळखायचं कसं? दमाचा भात काढताना शीत सुटं असतं आणि लांब राहतं. रटरटलेल्याची टोकं फुटलेली असतात आणि तळाशी ओल राहते. मराठीत 'दणदणीत वाफ आणणे' आणि 'मुरू देणे' या दोन गोष्टी मिळून दम होतो. एकट्या शब्दाने आपल्याकडेही तो पुरा होत नाही, म्हणून तर आपण दम हाच शब्द ठेवला.

दुसरं क्रियापद: बिरयान करणं. भाजणं, परतणं, तळणं या आपल्या तीन क्रियांवर फारसीत हा एकच शब्द चालू शकतो. नेमकं काय ते भोवतालच्या शब्दांवरून ठरवायचं. तूप किती, पाणी आहे का, निखाऱ्यांचा उल्लेख आहे का. 'आईन'च्या तिसऱ्या गटात 'बिरयान' नावाचा पदार्थ आहे. एक आख्खी मेंढी, मीठ, तूप, केशर, लवंग, मिरी, जिरं. तांदळाचा दाणा नाही! ते भाजलेलं मांस आहे. इंग्रजीत ब्लॉखमनने नाव तसंच ठेवलं, आणि आता लोक त्याचा दाखला अकबराची बिर्याणी म्हणून देतात. न भाषांतरलेला शब्दसुद्धा चुकीचा अर्थ देऊ शकतो, तो असा.

तिसरं, बघार. हा शब्द तर भारतीयच. फारसी ग्रंथ तो उसना घेतात, कारण इराणी स्वयंपाकाला त्याची स्वतंत्र गरज पडली नाही. इंग्रजीत त्याचं वर्णनच करावं लागतं. आपल्याला फोडणी म्हटलं की काम झालं.

बदली जिन्नस

शेवटी पुन्हा कबूलीकडे, कारण तिच्या नावातच मोठा सापळा आहे. हरभरे घातलेला पदार्थ, नाव कबूली. मग काबुली चणे, आणखी काय? असं मलाही वाटलं होतं. पण फारसीत दोन 'क' आहेत. काबूल शहराचा 'क' एक, आणि 'कबूल करणे'मधला, घशातून येणारा, दुसरा. पदार्थाच्या नावात दुसरा आहे. ब्लॉखमनने तो 'क्यू' अक्षराने नीट दाखवलाय. देवनागरीत आपण दोन्ही एकाच 'क'ने लिहितो आणि काबूलला पोचतो. शहराशी नावाचा संबंध नाही, आणि चण्याच्या जातीशी तर नाहीच.

मग हरभरा कोणता? मजकुरात 'सोललेला' असं आहे. इराणमधला नखुद मोठा, फिका, आख्खाच शिजवायचा. आपला देशी हरभरा लहान, काळ्या सालीचा. साल काढायची म्हणजे भरडायचा, आणि भरडला की डाळ. म्हणून माझं वाचन असं: नाव इराणी ओळखीचं राहिलं आणि भांड्यात हरभऱ्याची डाळ आली. याला आधार म्हणून आजचं हैदराबाद बघा. तिथल्या घरांतली कबूली हरभऱ्याच्या डाळीचीच असते, आणि निजामाच्या राज्यात राहिलेल्या आपल्या मराठवाड्यातल्याही काही मंडळींना ती ओळखीची असेल. इंग्रजी पुस्तकावरून करणारा मात्र डब्यातले मोठे पांढरे चणे घालतो. पदार्थ वाईट होत नाही, पण डाळ दमात अर्धवट विरघळून भाताला जो दाटपणा देते, तो येत नाही.

तुपाचंही तसंच. फारसीत 'रोगन' म्हणजे कुठलंही स्निग्ध: तेल, चरबी, तूप. इराणी आणि मध्य आशियाई स्वयंपाकात शेपटीच्या चरबीला मान होता. हिंदुस्थानात त्या जागी तूप आलं, आणि 'आईन' सांगते की बादशाही तूप हिसार-फिरोजाहून येई. ब्लॉखमनने इथे इंग्रजी शब्द न शोधता तूपच लिहिलं. विलायतेतल्या वाचकाने मात्र लोणी घेतलं. लोण्यात साधारण सहाव्या हिश्शाइतकं पाणी असतं, आणि तिकडे त्यात मीठही असतं. १७५ ग्रॅम तुपाच्या जागी दोनशेच्या वर लोणी लागेल, मीठ कमी करावं लागेल, आणि कांदा परतायला घेतला की लोण्यातला दुधाचा अंश करपेल. बदली जिन्नस चालतो, पण त्याच्याबरोबर बाकीचे आकडेही बदलावे लागतात. हे शेवटचं वाक्य इंग्रजी पुस्तकांत सहसा नसतं.

तेव्हा मी आता असं करतो. भाषांतरित पाककृती हाती आली की आधी सगळी सामग्री एकाच एककात आणतो, त्या ग्रंथाने दिलेल्या कोष्टकावरून, माझ्या बाजारातल्या नव्हे. मग विचित्र वाटणारी विशेषणं, 'गोल', 'सोललेला', 'ओलं', यांच्यावर थांबतो, कारण ती उगाच आलेली नसतात. आणि जिथे क्रियापद नाही तिथे माझं क्रियापद घालतो, पण पेन्सिलने.

परवा त्याच मैत्रिणीकडे आम्ही कबूली पुन्हा केली. शेर अकबराचा, डाळ हरभऱ्याची, झाकणाला कणीक. मीठ मला अजून थोडं जास्त वाटतं. पण पाव किलो तांदळाला खडे मीठ किती आणि दळलेलं किती, हा हिशेब अजून बाकी आहे. प्रश्न असतील तर घेऊ या.